शाळेच्या लॅबमध्ये व्हीडीआय: तास सुरू होतानाच सगळं अडकतं, या चुका टाळा

व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर, बसवलेल्या लॅबबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. एकदोन मुलं बसली की सगळं झकास चालतं, पण पूर्ण वर्ग आला की लॉगिन व्हायलाच पाच-सात मिनिटं जातात. दोष मग थिन क्लायंटला दिला जातो, कारण टेबलावर तोच दिसतो. खरं कारण मात्र जवळजवळ नेहमी सर्व्हरमध्ये असतं, आणि तेही खरेदीच्या वेळी केलेल्या हिशोबात.

व्हीडीआयमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचा संगणक ही सर्व्हरवर चालणारी एक स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन असते. टेबलावरचा थिन क्लायंट फक्त स्क्रीनचं चित्र दाखवतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल सर्व्हरकडे पाठवतो. म्हणजे 40 जागांची लॅब असेल तर 40 विंडोज एकाच डब्यात चालू असतात. त्यांचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क, तिन्ही सामायिक.

ऑफिसमध्ये लोक मागेपुढे येतात, कुणी चहाला गेलेलं असतं, कुणी मीटिंगमध्ये. तिथे सरासरीवर हिशोब करून भागतं. शाळेत तास सुरू झाला की 40 जण त्याच मिनिटाला लॉगिन करतात, त्याच मिनिटाला ब्राउझर उघडतात. त्यामुळे हार्डवेअर त्या एका मिनिटासाठी मोजायला हवं. खालच्या बहुतेक चुका हे न केल्यामुळेच होतात.

डिस्क फक्त जीबी-टीबीमध्ये मोजणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा, 40 जागांच्या लॅबसाठी सर्व्हर घेतला. त्यात 7200 आरपीएमच्या सहा हार्ड डिस्क, रेड 5 मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत. जागा भरपूर दिसते. पण अशी एक डिस्क इकडेतिकडे विखुरलेली माहिती वाचताना सेकंदाला साधारण 80 वेळा वाचू शकते. सहा डिस्कच्या झाल्या 480. त्या 40 मशीनमध्ये वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला 12 येतात. जुन्या साध्या पीसीतल्या एकट्या डिस्कलाही 80 मिळत होत्या. म्हणजे नव्या सर्व्हरवरच्या प्रत्येक विंडोजला जुन्या पीसीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी डिस्क मिळाली.

लिहिताना तर आणखी वाईट. रेड 5 मध्ये डेटासोबत पॅरिटी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता येईल असा हिशोबही लिहावा लागतो, म्हणून एका छोट्या लेखनामागे डिस्कवर चार कामं होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. 480 चे उरले 120, म्हणजे प्रत्येक मशीनला सेकंदाला 3. कंट्रोलरची कॅश थोडा वेळ तारून नेते, पण 40 लॉगिन एकदम आले की तीही भरते. आणि लॉगिन म्हणजे प्रोफाइल तयार होणं, म्हणजे भरपूर लिहिणं.

हे ओळखायचं कसं? वर्ग लॉगिन करत असताना सर्व्हरवर बघा. व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली, म्हणजे हायपरव्हायझर, प्रॉक्समॉक्स असेल तर नोडच्या Summary पानावर `IO delay` दिसतो. प्रोसेसर निवांत आणि हा आकडा चढलेला, म्हणजे सगळे डिस्कची वाट बघतायत. खात्रीसाठी ही कमांड:

```
iostat -x 1
```

यातले `r_await` आणि `w_await` हे आकडे मिलिसेकंदात असतात. चांगल्या एसएसडीवर ते एक-दोनच्या आसपास राहतात. शंभराच्या वर गेले असतील तर रांग लागली आहे, आणि रॅम वाढवून ती हटणार नाही.

उपाय एकच: व्हर्च्युअल मशीनसाठी एसएसडी, शक्यतो एनव्हीएमई, रेड 1 किंवा रेड 10 मध्ये. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडी मात्र टाळा. सतत लिहिलं की त्यांची वेगवान कॅश संपते आणि वेग कोसळतो. वीज गेल्यावर हातातलं लेखन सुरक्षित ठेवणारी सर्व्हर श्रेणीची एसएसडी घ्या. जागा फार लागत नाही. 60 जीबीची एक गोल्डन इमेज, म्हणजे सगळ्या मशीनची एकच मूळ प्रत, आणि त्यावर फक्त स्वतःचे बदल साठवणारे 40 लिंक्ड क्लोन, प्रत्येकाचे बदल 10 जीबी धरले तरी 460 जीबी होतात. हार्ड डिस्क फेकायच्या नाहीत, बॅकअपला वापरा.

सगळ्या मशीन मुलांच्या हातून सुरू करवणं

40 विंडोज एकदम बूट होणं हा डिस्कवरचा सर्वात मोठा भार. तो तासाच्या आधीच उरकता येतो. प्रॉक्समॉक्समध्ये मशीनचे क्रमांक 101 ते 140 असतील तर:

```
for id in $(seq 101 140); do
  /usr/sbin/qm start $id
  sleep 20
done
```

हे साधारण 13 मिनिटांत संपतं. ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये शाळा भरण्याच्या अर्धा तास आधीची वेळ लावून ठेवा. यामुळे बूटचा भार जातो, लॉगिनचा राहतोच, त्यामुळे एसएसडीला हा पर्याय नाही.

रॅम उधारीवर चालवणं

प्रत्येक विंडोजला 4 जीबी धरले तर 160 जीबी, आणि हायपरव्हायझरसाठी वेगळी. म्हणून 192 जीबी घ्यावी. "सगळे एकदम थोडीच वापरणार" म्हणून 128 मध्ये भागवायचं आणि बलूनिंगवर, म्हणजे एका मशीनची न वापरलेली रॅम काढून दुसरीला देण्यावर विसंबायचं, हे शाळेत चालत नाही. सगळे एकदमच वापरतात. मग सर्व्हर स्वॅपवर जातो, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरू लागतो, आणि एकाच वेळी सगळ्या स्क्रीन गोठतात. `vmstat 1` मध्ये `si` आणि `so` या रकान्यांत सतत आकडे दिसत असतील तर हेच घडतंय.

प्रोसेसरला मात्र थोडी उधारी चालते. 40 मशीनना दोन-दोन व्हर्च्युअल कोर, म्हणजे 80. एका खऱ्या कोअरवर चार धरले तर 20 कोर, म्हणून 24 कोरचा प्रोसेसर बरा.

40 स्क्रीनवर एकच व्हिडिओ लावणं

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या सर्व्हरवर प्रत्येक मशीन तो व्हिडिओ स्वतः उलगडते, मग स्क्रीनचं चित्र पुन्हा दाबून नेटवर्कवर पाठवते. प्रत्येकी 15 एमबीपीएस धरले तरी 600 एमबीपीएस होतात. सर्व्हर ते स्विच हा दुवा म्हणूनच 10 गिगाबिटचा ठेवावा. तरी प्रोसेसर दमतोच. सगळ्यांनी एकच व्हिडिओ बघायचा असेल तर वेगळ्या पीसीवरून प्रोजेक्टरवर लावा.

एखाद्याच टेबलावर चित्र तुटक येत असेल तर सर्व्हर सोडून केबल बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोनच पुरतात. एक वायर नीट क्रिंप झाली नसेल तर जोडणी बहुधा 100 वर उतरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. स्विचच्या पानावर त्या पोर्टचा वेग पाहिला की कळतं.

अपडेट क्लोनमध्ये चालू ठेवणं

लॉगआउट झाल्यावर मशीन मूळ स्थितीत जाणार असेल तर आज उतरवलेला अपडेट उद्या पुसलेला असतो. 40 मशीन रोज तोच अपडेट पुन्हा उतरवतात, तोही तासाच्या वेळात. अपडेट गोल्डन इमेजमध्ये करा, क्लोनमध्ये बंद ठेवा, अँटीव्हायरसचं ठरलेल्या वेळचं स्कॅनही तसंच. आणि मुलांच्या फाइल फाइल सर्व्हरवरच्या फोल्डरकडे वळवायला विसरू नका, नाहीतर अपडेटसोबत प्रकल्पही पुसले जातील.

लॅब ताब्यात घेण्याआधी पुरवठादारासमोर 40 जणांना एकाच मिनिटाला लॉगिन करायला लावा, ब्राउझर उघडायला लावा आणि तेव्हा `iostat` बघा. एका मशीनवरचं प्रात्यक्षिक मान्य करू नका.