रात्रीच्या प्रवासात शेजाऱ्याशी दोन शब्द: बोलणं काढावं कसं आणि आवरावं कसं

शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला आपण कचरतो, ते काही पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून नव्हे. ‘एकदा तोंड उघडलं आणि हा माणूस थांबलाच नाही तर?’ ही खरी धास्ती असते. बसच्या रांगेत निदान बस तरी येते. रात्रीच्या गाडीतल्या बर्थवरून किंवा लांबच्या विमानातल्या मधल्या सीटवरून उठून जाणार कुठे? समोरच्याच्या मनातही नेमकं हेच चाललेलं असतं. म्हणून दहा मिनिटांच्या गप्पांची आखणी शेवटाकडून करावी. बोलणं कधी संपणार ते आधी ठरवायचं आणि विषय मग शोधायचा.

निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी 2014 मध्ये शिकागोच्या लोकल गाड्या आणि बसमधल्या प्रवाशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसाशी बोलत गेलो तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता, पण प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा चांगला गेला. हा निष्कर्ष रात्रभराच्या प्रवासाला जसाच्या तसा लावू नये, कारण ते लोक थोड्या वेळात उतरून जाणार होते. आपल्याला ती सुटका हातानं तयार करावी लागते.

वेळ निवडा

गाडीत सर्वांत सोयीचा काळ म्हणजे सामान जागेवर लागल्यापासून अंथरुणं पडेपर्यंतचा. तेव्हा सगळे खालच्या बर्थवर बसलेले असतात, दिवे चालू असतात आणि कुणीही ‘आता आडवा होतो’ म्हणून सहज उठू शकतो. मधला बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. मैफल तिथंच संपते. बॅग अजून हातात असलेल्या माणसाशी मात्र बोलू नका. तो साखळी आणि चार्जर शोधतोय.

विमानात दोन वेळा चांगल्या. एक जेवणाचे ट्रे समोर असताना, कारण तेव्हा फारसं कुणी झोपलेलं नसतं आणि हेडफोनही अनेकदा उतरलेले असतात. दुसरी, उतरण्याआधीचा अर्धा तास. माझ्या मते ही जास्त चांगली, कारण शेवट वैमानिकानंच ठरवलेला असतो. मधल्या अंधाऱ्या तासांत गप्प राहावं. इंजिनाच्या घरघरीत आपोआप आवाज चढतो आणि दोघांच्या गप्पा पुढच्या रांगेतल्या झोपलेल्यालाही ऐकाव्या लागतात.

आधी हात पाहा, मग चेहरा

कानात हेडफोन असतील तर विषय संपला. उघडं पुस्तक म्हणजे नकारच असं नाही, पण पान संपेपर्यंत थांबावं. माणूस हातानं काय करतोय यावरून त्याला कधी अडवता येईल ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. समोरच्या बर्थवर साठीच्या एक बाई लोकरीचा मोजा विणतायत. तीन सुयांवर टाके आहेत, चौथी सुई हातात आहे आणि ओठ किंचित हलतायत. म्हणजे त्या टाके मोजतायत. या क्षणी ‘काय विणताय?’ विचारलं तर मोजणी चुकणार, उत्तर तुटक येणार आणि ‘बाई फटकळ दिसतायत’ असा उगाच समज होणार. ओळ संपून त्यांनी विणकाम मांडीवर टेकवलं की बोला.

“काकू, ही टाच का?”

“हो. इथंच सगळं अडतं. बाकीचा मोजा डोळे मिटून होतो.”

“का बरं? इथं टाके कमी करावे लागतात?”

“कमी करायचे आणि पुन्हा उचलायचे. एक जरी राहिला तरी भोक पडतं. तुम्ही विणता का?”

पहिला प्रश्न दोघांच्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूबद्दल आहे आणि त्याला नुसतं ‘हो’ म्हणून सोडूनही देता येतं. दुसरा प्रश्न त्यांच्याच उत्तरातून निघालाय, खिशातून काढलेला नाही. आणि शेवटी त्यांनी उलट प्रश्न केलाय. या उलट प्रश्नाचीच वाट पाहायची.

दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नाही

तुमच्या दोन वाक्यांना मोजकी उत्तरं आली, उलट काहीच विचारलं गेलं नाही आणि नजर पुन्हा फोनकडे वळली, तर “बरं, चालू द्या तुमचं” म्हणून आपल्या उद्योगाला लागावं. हसून दिलेलं तुटक उत्तर म्हणजेही नकारच. पुष्कळ लोक सभ्यपणे हसूनच नाही म्हणतात.

प्रश्न केवळ कुतूहलाचा असला तरी काही गोष्टी विचारूच नयेत: एकटेच आहात का, कुठं राहणार, घ्यायला कोण येणार. रात्री एकट्या प्रवास करणाऱ्याला, विशेषतः बाईला, हे प्रश्न चौकशीसारखे वाटतात. डब्यात दोघंच असाल तर पुरुषानं आपणहून बोलणं काढूच नये. तिनं काढलं तर गोष्ट वेगळी. काही जाणून घ्यायचंच असेल तर आधी स्वतःचं सांगा: “मी पहाटेच उतरणार आहे, गजर लावलाय, तुमची झोपमोड होईल.” यात माहिती आहे, सौजन्य आहे आणि त्यांना आपलं ठिकाण सांगायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलंय.

आवरणं

अ‍ॅडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांच्या 2021 मधल्या अभ्यासात असं दिसलं की दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेले संवाद शेकडा दोनच्या आसपासच होते. कारण साधं आहे. थांबायची इच्छा दोघंही एकमेकांपासून लपवतात. तेव्हा समोरचा खूण करील म्हणून थांबू नका, शेवट सुरुवातीलाच पेरून ठेवा: “दिवे जाईपर्यंत जागाच आहे मी” किंवा “पुस्तकातलं हे प्रकरण आज संपवायचंय, पण त्याआधी एक विचारू का?” मग उठताना कारण शोधावं लागत नाही. आधी सांगितलेलंच करायचं असतं.

आवरतं घेताना वेळ पाहू नका, घड्याळाकडे टाकलेली नजर समोरच्याच्या मनाला लागते. बोलण्यातलाच एखादा धागा पकडा: “टाचेची गंमत आज कळली. आता तुम्हाला मोजू देतो.” आणि मग खरोखरच वळा: पुस्तक उघडा, पांघरूण ओढा. निरोप घेऊन पुन्हा त्याच दिशेला तोंड करून बसलात तर बोलणं परत सुरू होणारच.

समोरचाच थांबेना, तर त्याच्या उत्साहावर हळूहळू विरजण घालण्यात अर्थ नाही. ‘हं, हं’ करत राहिलं की त्याला ते प्रोत्साहन वाटतं. त्याचं वाक्य संपलं की लगेच स्पष्ट सांगा: “छान वाटलं बोलून, मी आता झोपतो.” विमानात हेडफोन त्याला दिसतील असे चढवा, आत गाणं लावा नाहीतर लावू नका. तरीही बोलणं चालूच राहिलं, किंवा त्याचा रोख तुम्हाला खटकू लागला, तर कर्मचाऱ्यांना बोलवून दुसरी जागा मिळते का ते विचारा. त्यासाठी शेजाऱ्याला कारण सांगायची गरज नाही.

सकाळी मात्र कालच्या गप्पा पुढे चालू ठेवायला जाऊ नका. झोपेतून उठलेल्या माणसाला आधी ब्रश आणि चष्मा सापडायला हवा. “झाली का झोप?” एवढं पुरे. त्यावर त्यांनीच मोजा वर करून “बघा, झाली टाच” म्हटलं, तर पाहा आणि भोक पडलंय का ते विचारा.