साठत जाणाऱ्या क्षेत्रफळाचा विकलज मूळ फलनच का असतो, हे कसे पडताळावे

प्रथम कागदावर f(x) = x² चा आलेख काढावा आणि 0 पासून x पर्यंत आलेखाखाली जे क्षेत्रफळ साठते, त्याला A(x) म्हणावे. A(x) चे सूत्र ठाऊक असण्याची गरज नाही. ते ठाऊक नसतानाही त्याचा विकलज सांगता येतो, हेच या सिद्धतेचे खरे सौंदर्य आहे.

आता x = 2 येथून 0.1 इतकेच पुढे सरकावे. A(2.1) मधून A(2) वजा केल्यावर डावीकडचे सगळे क्षेत्रफळ निघून जाते आणि 2 ते 2.1 या रुंदीची एक अरुंद पट्टी उरते. या पट्टीची वरची कड वाकडी असल्याने तिचे क्षेत्रफळ एकदम सांगता येत नाही, पण तिची उंची कुठेही 4 पेक्षा कमी नाही आणि 4.41 पेक्षा जास्त नाही. म्हणून तिचे क्षेत्रफळ 0.4 आणि 0.441 यांच्या दरम्यान असलेच पाहिजे. रुंदीने, म्हणजे 0.1 ने, भागल्यावर क्षेत्रफळ वाढण्याचा सरासरी दर 4 आणि 4.41 यांच्यामध्ये सापडतो. रुंदी 0.01 घेतली, तर तोच दर 4 आणि 4.0401 यांच्यामध्ये येतो.

येथे थोडे थांबावे, कारण नवशिक्यांची गफलत बहुधा याच जागी होते. पट्टी म्हणजे आयतच, असे मानून पुढे जाणे बरोबर नाही, आणि आयताबाहेर राहिलेला तुकडा लहान आहे एवढे म्हणणेही पुरेसे नाही, कारण आपण ज्या रुंदीने भागतो तीही लहानच होत असते. तो तुकडा रुंदीपेक्षा अधिक वेगाने लहान व्हावा लागतो. रुंदी 0.1 असताना तो फार तर 0.041 आहे, तर 0.01 असताना फार तर 0.000401, रुंदी दहापट घटली, पण या तुकड्याची कमाल मर्यादा सुमारे शंभरपट घटली. म्हणूनच भागाकारानंतरही त्याचा हिस्सा शून्याकडे जातो आणि 4, म्हणजे f(2), तेवढे उरते. डावीकडून 1.9 ते 2 ही पट्टी घेतली, तर दर 3.61 आणि 4 यांच्यामध्ये येतो, आणि रुंदी कमी करत गेल्यास तोही 4 कडेच जातो.

कोणत्याही फलनासाठी हीच रीत वापरावी: h रुंदीच्या पट्टीतील सर्वांत कमी उंची m आणि सर्वांत जास्त उंची M घेतली, की

m ≤ (A(x+h) − A(x)) / h ≤ M

असे मिळते. फलन x पाशी संतत असेल, तर h शून्याकडे जाताना m आणि M दोन्ही f(x) कडे येतात, आणि मधल्या दरालाही तेथेच यावे लागते.

संततपणाची अट काढली, तर काय बिघडते तेही पाहावे. 2 च्या आधी उंची 1 आणि 2 पासून पुढे 3 असेल, तर उजवीकडून दर नेहमी 3 येतो व डावीकडून नेहमी 1. अशा वेळी A(x) स्वतः कुठेही तुटत नाही, परंतु त्याच्या आलेखाला 2 पाशी कोपरा पडतो आणि तेथे विकलजच अस्तित्वात नसतो.