डिपॉझिट परत करतानाचं पत्र: कपात लिहायची कशी

कोथरूडमधला आत्याचा टू बीएचके ३१ मार्चला रिकामा झाला. भाडेकरू म्हणजे एक नोकरदार जोडपं आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार करून २२ महिने राहिले, भाडं कधी थकवलं नाही. डिपॉझिट ६०,००० रुपये होतं. आत्यानं पत्राचा मसुदा लिहून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वर लिहिलं, "एकदा नजर टाक गं, मग पाठवते." मसुदा असा होता:

"आपण घर सोडले तेव्हा घराची अवस्था पाहून फार वाईट वाटले. आम्ही घर विश्वासाने दिले होते. भिंतींची पार वाट लागली आहे. बाथरूमचे बेसिन फोडले आहे. त्यामुळे डिपॉझिटमधून रंग १२,०००, बेसिन ३,०००, साफसफाई २,५००, बिल वगैरे २,००० असे एकूण १९,५०० कापून ४०,५०० परत करत आहोत. कळावे."

यातली भाषा बोचरी आहे हे कुणालाही दिसेल. पण भाषा गोड करून आकडे तेच ठेवले असते, तरी भांडण झालंच असतं, कारण चारही आकडे गोल आहेत. गोल आकडा वाचला की समोरच्याला कळतं, हा अंदाज आहे. म्हणून दुरुस्ती आकड्यांपासून सुरू केली. शब्दांकडे नंतर वळलो.

आधी कागद काढा

तीन गोष्टी समोर हव्यात: करार, घर देतानाचे फोटो आणि घर परत घेतानाचे फोटो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५) आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे करार बहुतेक घरी सापडतो. त्यात दोन वाक्यं शोधा. एक, डिपॉझिट कधी परत करायचं. बहुतेक करारांत घराचा ताबा परत मिळताना, बिनव्याजी, असं असतं. दुसरं, कपात कशाकशाची करता येईल. आत्याच्या करारात "थकीत बिले आणि साधारण झीज वगळता झालेले नुकसान" एवढंच होतं. साफसफाईचा शब्दही नव्हता.

तिथेच २,५०० गेले. आत्या म्हणाली, "अगं, चिमणी किती तेलकट होती!" होती, पण निघतानाच्या फोटोत ओटा पुसलेला आणि फरशी स्वच्छ दिसत होती. २२ महिने रोज फोडणी पडल्यावर चिमणी तेलकट होणारच. करारात ठरावीक रक्कम लिहिलेली असती, तरी ती आपोआप आपली होत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आकडा ठरला असला, तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि तीही त्या आकड्याच्या आत. आधीचे फोटोच नसतील, तर ज्या नुकसानाबद्दल भाडेकरू स्वतः बोललेला नाही, ते सरळ सोडून द्या. सिद्ध करता येणार नाही आणि पत्रात लिहिलंत तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडेल.

रंगाचा हिशेब

सगळ्यात जास्त वाद रंगावरून होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पेंटरनं पूर्ण घराचे १८,००० सांगितले होते. आत्यानं त्यातले १२,००० "त्यांचे" धरले होते, कसे ते तिलाही सांगता येईना. फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. हॉल आणि दुसऱ्या बेडरूमचा रंग फक्त मळकट झाला होता, सोफ्याच्या मागे पट्टा उमटला होता. ही झीज. घर बंद ठेवलं असतं तरी रंग थोडा उतरलाच असता. मोठ्या बेडरूममध्ये मात्र दोन भिंतींवर मुलाचे खडू होते आणि तिसऱ्या भिंतीवर चिकटवलेले स्टिकर काढताना रंगाचे पोपडे निघाले होते. हे नुकसान. मी लावलेली कसोटी सोपी आहे: जे नुसत्या राहण्यानं होतं ते मालकाचं, जे एखाद्या ठरावीक कृतीनं होतं ते भाडेकरूचं.

पेंटरला त्या एका खोलीचा वेगळा भाव लिहून मागितला. ४,८०० आले. हे पूर्ण घ्यायचे का? नाही. भाडेकरू राहायला आले त्याच्या दोन महिने आधी रंग लागला होता, म्हणजे तो २४ महिने वापरला गेला. घरातला रंग चार वर्षं टिकतो असं आम्ही धरलं. हा आकडा कुठल्या कायद्यात नाही, आमचा आहे, म्हणून तो पत्रात उघड लिहायचा. चारपैकी दोन वर्षं संपलेली, तेव्हा निम्मे: २,४००. जुन्या रंगाच्या बदल्यात कोरा रंग दुसऱ्याच्या पैशानं लावून घेणं म्हणजे भरपाई नाही, नफा झाला.

बेसिनलाही हेच लावलं. बेसिन इमारतीइतकंच, नऊ वर्षांचं. नवीन १,८५० रुपयांना आलं, प्लंबरनं ८०० घेतले. बेसिन सहज अठरा-वीस वर्षं चालतं, म्हणून वस्तूचे निम्मे, ९२५, आणि मजुरी पूर्ण, कारण ती या मोडतोडीमुळेच द्यावी लागली. झाले १,७२५. बाटली पडून तडा गेल्याचा मेसेज भाडेकरूंनी स्वतःच डिसेंबरमध्ये केला होता. तो आत्याच्या फोनमध्ये सापडला, त्यामुळे "फोडले" हा शब्द तर अगदीच अन्यायाचा होता.

"वगैरे" उलगडा

"बिल वगैरे २,०००" यातलं वगैरे काय, हे आत्याला आठवेना. जे आठवत नाही ते कापता येत नाही. उरली दोन बिलं. विजेचं पुढचं बिल यायला वेळ होता आणि तोवर डिपॉझिट अडवून ठेवणं बरं नाही. म्हणून मीटरचं रीडिंग वापरलं. शेवटच्या बिलावर १२ मार्चचं रीडिंग ४२३६ होतं, ३१ मार्चला दोघांसमोर काढलेल्या फोटोत ४३१८. वापर ८२ युनिट. मागचं बिल १२४ युनिटचं १,११६ रुपये, म्हणजे स्थिर आकार धरून युनिटमागे ९ रुपये. ८२ गुणिले ९, ७३८. प्रत्यक्ष बिलात पाच-पन्नास रुपयांचा फरक पडला तर तो मालकानं सोसावा. पाइप गॅसचं शेवटचं बिल ३८६ रुपयांचं होतं.

आता भाषा

वाक्याचा कर्ता वस्तू ठेवा, माणूस नको. "तुम्ही भिंती खराब केल्यात" याऐवजी "मोठ्या बेडरूमच्या दोन भिंतींवर खडूच्या खुणा आहेत". माहिती तीच, आरोप गेला. "वाट लागली", "विश्वास", "वाईट वाटले" ही मनाची वाक्यं हिशेबाच्या कागदातून बाहेर काढा. राग खरा असला तरी त्याचे पैसे कापता येत नाहीत. "नियमानुसार" हा शब्दही काढा. नियम दाखवता येत असेल तर कलम लिहा. उलट टोकालाही जाऊ नका. "तुम्ही तर घरच्यासारखे" असं लिहून खाली पैसे कापले की ते टोमण्यासारखं वाचलं जातं. एखादी खरी चांगली गोष्ट असेल तर एका ओळीत सांगा.

परत मिळणारी रक्कम पहिल्या परिच्छेदात यायला हवी. वाचणारा तीच शोधत असतो, आणि ती सापडेपर्यंतचं सगळं तो धास्तावून वाचतो.

शेवटी आत्याचं पत्र असं झालं:

"दि. ५ एप्रिल
स. न. वि. वि.
आपण ३१ मार्च रोजी घराचा ताबा परत दिलात. आपल्या ६०,००० रुपयांच्या डिपॉझिटपैकी ५४,७५१ रुपये आज आपल्या बँक खात्यात जमा केले आहेत. व्यवहार क्रमांक सोबत देत आहे. वजा केलेल्या ५,२४९ रुपयांचा तपशील असा:
१. वीज, १२ ते ३१ मार्च: ८२ युनिट, मागील बिलाच्या सरासरीने युनिटला ९ रुपये. ७३८ रुपये.
२. पाइप गॅसचे शेवटचे बिल. ३८६ रुपये.
३. मोठ्या बेडरूमचा रंग: दोन भिंतींवर खडूच्या खुणा आहेत व एका भिंतीचे पोपडे निघाले आहेत. खोलीचा खर्च ४,८००. रंग दोन वर्षांचा होता व चार वर्षे टिकतो असे धरून निम्मा खर्च घेतला आहे. २,४०० रुपये.
४. बाथरूमचे बेसिन (आपण डिसेंबरमध्ये कळवलेला तडा): नवीन बेसिन १,८५०, जुने नऊ वर्षांचे असल्याने निम्मे ९२५, अधिक मजुरी ८००. १,७२५ रुपये.
इतर खोल्यांचा रंग व साफसफाई यांचे काही घेतलेले नाही. बिले, पेंटरचा भाव आणि फोटो सोबत आहेत. यातील काही आपल्याला पटत नसेल किंवा माझ्याकडून चुकले असेल तर १५ एप्रिलपर्यंत जरूर कळवा, पुन्हा पाहू.
भाडे आपण नेहमी वेळेवर दिलेत, त्याबद्दल आभार.
कळावे."

आत्याला "पुन्हा पाहू" खटकलं. "म्हणजे घासाघीस करायला बोलावतेस की काय?" मी ते ठेवलं. मात्र "सही करून पाठवा, मग पैसे सोडू" अशी अट घालू नका. ज्यावर वाद नाही ती रक्कम आधी जमा करायची, पत्र त्याच दिवशी.

पाठवताना एक काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि तो कधी काढला ही नोंद फाइलमधून निघून जाते. तारखेलाच महत्त्व असल्यानं फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ ईमेल करा. पत्र पीडीएफ करा, मेसेजच्या लांबलचक फुग्यात लिहू नका.

संध्याकाळी भाडेकरूंचा मेसेज आला. रंग आणि बेसिनबद्दल अवाक्षर नव्हतं. "काकू, गॅसचं बिल आम्ही २९ तारखेलाच भरलंय, पावती पाठवतोय." आत्यानं पावती तारखेसकट तपासली, ३८६ रुपये लगेच पाठवले आणि पत्रातली दुसरी ओळ खोडून सुधारित पत्र धाडलं. परत केलेली एकूण रक्कम ५५,१३७.