रात्रीत विहीर भरताना शूट करायची तयारी

बंधाऱ्याचा उपयोग दाखवायला आपल्या पाणी गटाची क्लिप करायची ठरलं की सगळे पहिलं हेच म्हणतात, जूनमध्ये कोरडी विहीर दाखवू आणि जुलैमध्ये भरलेली, झाली क्लिप. ते करू नका. कोकणात जुलैमध्ये सगळ्याच विहिरी भरतात, बंधारा बांधा नाहीतर नका बांधू, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे भरलेल्या विहिरीने काहीच सिद्ध होत नाही. आपली अडचण मे महिन्यातली आहे, कारण आपला जांभा पाणी जसं भराभर पितो तसंच भराभर सोडूनही देतो, आणि सड्यावरचा पाऊस दिवाळीनंतर पऱ्यातून समुद्राला गेलेला असतो. म्हणून क्लिप मेमधलीच हवी. आभाळात ढग नाही, विहीर तळाला लागलेली, आणि तरीही रात्रभरात ती हळूहळू परत भरते, हे ज्याने डोळ्याने बघितलं त्याला बंधाऱ्याचं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वाडीत गेल्या मेमध्ये आम्ही हेच केलं, काही चुकलंही, म्हणून तयारी नीट लिहून ठेवतोय.

आधी दिवस ठरवा, आणि तो गाळ काढायच्या दिवसालाच जोडा. नुसत्या शूटिंगसाठी मेमध्ये विहीर उपसायची म्हणजे लोकांच्या तोंडचं पाणी काढायचं, ते कुणीही करू नये. गाळासाठी विहीर तशीही रिकामी करायचीच असते. तारीख मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली धरा, कारण आपल्या पट्ट्यात तेव्हा सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावली म्हणतात, आणि ऊन थेट विहिरीच्या तळाला पोचतं. एरवी तळ काळाच दिसतो, मोबाईलमध्ये तर काहीच कळत नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत मात्र चिऱ्यातली भोकं, तळातला गाळ, ओल फुटलेली जागा सगळं स्वच्छ दिसतं. कोरड्या विहिरीचा शॉट तेव्हाच घ्यायचा, दुसऱ्या कुठल्या वेळेला तो मिळणार नाही. दोन दिवस आधी वाडीत घरोघरी सांगून या, म्हणजे बायका पिंपं, हंडे भरून ठेवतील, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी पाणी गढूळ असणार हेही तेव्हाच सांगा.

खाली उतरणाऱ्यांचं बघितल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नका. पाणी उपसायचं इंजिन वर, विहिरीपासून लांब, वाऱ्याने धूर विहिरीकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा, कधीही आत उतरवून चालवू नका, धुराने माणसं मेलीयत. कंदील सोडून बघायची आपली जुनी पद्धत आहे, ज्योत विझली तर आत हवा नाही एवढं नक्की कळतं, पण ज्योत जळतेय म्हणजे सगळं ठीक असं नाही, इंजिनाचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं, हे कायम.

आता मोजपट्टी, आमची पहिली चूक इथेच झाली. चिऱ्यावर ऑइलपेंटने फूट मारायचे असं ठरलं होतं, पण ओल्या जांभ्यावर रंग धरत नाही, संध्याकाळपर्यंत ओघळला. मग प्लंबिंगचा दीड इंची पाइप घेतला, सहा-सहा इंचावर लाल आणि पांढरी टेप आळीपाळीने गुंडाळली, पंचवीस फुटांवरून सहा इंचाचा पट्टा मोबाईलमध्ये स्पष्ट दिसतो, त्याहून बारीक खुणा दिसत नाहीत. पण माती जाऊ नये म्हणून आम्ही पाइपाच्या दोन्ही टोकांना बूच लावलं, आणि रात्री पाणी चढायला लागलं तसा पाइप तरंगून हळूहळू वर उचलला गेला. फोटोत पाणी थांबल्यासारखं दिसतंय आणि प्रत्यक्षात चढतंय! एका काकूंच्या लक्षात आलं, त्या म्हणाल्या, "अरे, मघाशी पायरीचा दगड दिसत होता तो बुडला, आणि तुमचा पाइप तर तिथंच आहे." ती रात्र वाया गेली. नंतर पाइपाला भोकं पाडली, आत रेती भरली, तळाशी दगडात घट्ट रोवला, वरून कठड्याला बांधला. शून्याची खूण गाळ काढून झाल्यावरच्या तळाला लावा, आधीच्या गाळाला नको. आणि पाइप त्या बाजूला उभा करा जिथून झरा येतो, आपल्याकडे बहुतेक वेळा जांभा संपून खालची पिवळट चिकणमाती लागते त्या सांध्यातूनच पाणी सुटतं, तिथली चमक कॅमेऱ्यात आली पाहिजे.

मोबाईल कठड्यावर कसा बसवायचा ते दिवसाउजेडीच करून बघा. साधा क्लॅम्प आणि फळीचा तुकडा पुरतो, पण एकदा बसवल्यावर सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, पोरांना कठड्याला टेकू द्यायचं नाही, रहाटही बंद. वरची जाळी काढून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, पॉवरबँक जोडलेली, फ्लॅश बंद, फोकस आणि उजेड लॉक केलेला, नाहीतर प्रत्येक फोटो वेगळा उजळ येतो आणि क्लिप लुकलुकते. Open Camera सारखं अ‍ॅप ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढत राहतं, दर दोन मिनिटांना एक असा लावा. संध्याकाळी पावणेसात ते सकाळी सव्वासहा म्हणजे साडेअकरा तास, साधारण ३४५ फोटो, सेकंदाला २५ धरले तर चौदा सेकंदांची क्लिप होते, तेवढी पुरे. फोनमध्ये दोन जीबी मोकळी जागा आहे ना ते आधी बघा.

दिवा हा सगळ्यात नाजूक भाग. वरून सरळ खाली झोत मारला की पाण्यात दिव्याचाच गोळा दिसतो, बाकी काही नाही. बॅटरीवर चालणारा एलईडी कॅमेऱ्याच्या बाजूला पण तीन-चार फूट लांब, तिरका, फक्त पाइपावर पडेल असा बांधा. मग पाणी स्थिर असताना एक छान गोष्ट दिसते, पाइप आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब जिथे मिळतात तीच पातळी, लाल-पांढरे पट्टे खाली उलटे मोजता येतात. दिवा लाइटवर लावू नका, रात्री लाइट गेली की क्लिपमध्ये काळी पोकळी राहते. दिव्याकडे किडे येणारच, म्हणून तो लेन्सच्या जवळ नको. आणि पहाटे तीननंतर समुद्राकडच्या दमट हवेने लेन्सवर बाष्प धरतं, फोटो धुरकट झाले की समजा तेच आहे, मऊ कपड्याने अलगद टिपायचं, फोन न हलवता, आणि त्यासाठी एकाने जागं राहायचंच. आमच्यात दोघं पाळीने बसले होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद होण्याच्या आधी पहिला फोटो निघालेला असला पाहिजे. विहीर एकसारखी भरत नाही. रिकामी असते तेव्हा बाहेरच्या जमिनीतलं पाणी तिच्यात जोरात ओढलं जातं, जसजशी आतली पातळी बाहेरच्या जवळ येते तसा वेग कमी होतो. आमच्या विहिरीत पहिल्या दोन तासांत नऊ इंच चढलं, पुढच्या दोन तासांत पाच, आणि मग उरलेल्या रात्रभरात पाच. म्हणजे कुणी जेवून येऊन साडेआठला कॅमेरा लावला असता तर जवळजवळ निम्मं भरणं हुकलं असतं.

आकडा लोकांना कळेल असा करून ठेवा. आमची विहीर बारा फूट व्यासाची, तिच्यात एक फूट पाणी म्हणजे साधारण ३२०० लिटर. एका रात्रीत १९ इंच, म्हणजे जवळपास ५००० लिटर. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटर धरलं तर नव्वद माणसांचं एका दिवसाचं पाणी. आदल्या वर्षी, पऱ्यावर वनराई बंधारा नव्हता तेव्हा, गाळ काढल्यावर त्याच आठवड्यातल्या एका रात्रीत अकरा इंचच चढलं होतं, ते वहीत लिहिलेलं होतं म्हणून तुलना करता आली.

पण क्लिपमध्ये "बंधाऱ्यामुळे आठ इंच वाढलं" असं ठामपणे लिहू नका. आदल्या वर्षीचा पाऊस वेगळा होता, तो किती उशिरापर्यंत पडला यावरही मेमधलं पाणी ठरतं. म्हणून खालच्या वाडीतल्या विहिरीचं, जिच्या वरच्या अंगाला बंधारा नाही, दोन्ही वर्षी तेच माप घेतलं होतं, तिथे वाढ दोन इंचांची होती. हे दोन्ही आकडे शेजारी दाखवा, बघणारा काय ते समजतो. ज्यांच्याकडे आदल्या वर्षीचं माप नाही त्यांनी यंदा नुसती रात्र दाखवावी आणि दावा करू नये. गाळ काढल्यानेसुद्धा झरे मोकळे होतात आणि पाणी वाढतं, त्यामुळे जमलं तर गाळ काढायच्या आठवडाभर आधी एक रात्र तेच माप घेऊन ठेवा.

पाणी लाल आणि एकदम चढलेलं दिसलं तर ते झऱ्याचं नाही. वळवाची सर आली आणि फुटक्या कठड्यातून किंवा बाजूच्या गटारीतून पाणी आत शिरलं की असं होतं, ते फुटेज बाजूला काढा, क्लिपमध्ये वापरू नका. झऱ्याचं पाणी गाळ बसला की निवळतं, पहाटेपर्यंत तळाचे दगड परत दिसायला लागतात.

सकाळचा शॉट वेगळ्या मोबाईलने घ्या. पहिली कळशी खाली जाते, पाण्याला लागल्याचा आवाज येतो, तो आवाज गाण्याखाली दाबू नका. मात्र ती कळशी भांडी-कपड्यांसाठीच, पिण्यासाठी नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आदल्या दिवशीच बोलावून ठेवा, चांगल्या टीसीएल ब्लीचिंग पावडरचं साधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम आहे, म्हणजे आमच्या ५००० लिटरला साडेबारा ग्रॅम, पण ताज्या उपसलेल्या विहिरीला किती टाकायचं ते त्याला तपासून ठरवू द्या, आणि टाकल्यावर निदान तासभर पाणी काढायचं नाही.

शेवटी पाइप धुवून देवळाच्या सभामंडपात ठेवून द्या, टेप न काढता. मूळ फोटो दोन ठिकाणी कॉपी करा, एक गटाकडे आणि एक मुंबईला असलेल्या कुणातरी चाकरमान्याकडे. वहीत तारीख, इंजिन बंद झाल्याची वेळ आणि दर दोन तासांचं माप लिहा, पुढच्या मेमध्ये त्याच खुणेवर तोच पाइप रोवायचा आहे.