एसी बंद असतानाही सकाळी घरघर: दोष बेल्टचा नव्हता

साताऱ्यात गाडी सकाळी सुरू केली की बॉनेटमधून घरघर यायची, तीही एसी बंद असताना. एका गॅरेजने बेल्ट बदलला, मग टेन्शनरही. पैसे गेले, आवाज तिथेच.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींनी चालू बेल्टवर थोडं पाणी मारलं. बेल्ट घसरत असेल तर चिरका आवाज लगेच बदलतो; इथे फरक पडला नाही. मग इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि अर्धा मिनिट चालवून पाहिलं (जास्त नको, वॉटर पंपही त्याच बेल्टवर होता). आवाज गायब. इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवली. टेन्शनर, आयडलर गुळगुळीत. एसी कॉम्प्रेसरची पुली मात्र खरखरत, डुगडुगत होती. तिचं बेअरिंग एसी बंद असतानाही फिरतं, हे मला माहीतच नव्हतं.

पुली आणि तिला कॉम्प्रेसरशी जोडणारा क्लच कॉम्प्रेसरच्या बाहेर असल्याने गॅस काढावा लागला नाही. मधला बोल्ट, क्लच प्लेट, तिच्यामागच्या शिम म्हणजे पातळ चकत्या (जपून ठेवा!), सर्क्लिप, पुली या क्रमाने खोललं. नवं बेअरिंग बाहेरच्या कड्यावर दाब देऊन प्रेसने बसवलं. जोडताना त्याच शिम घालून प्लेट-पुलीमधली फट फीलर गेजने पाहिली: साधारण अर्धा मिलिमीटर.