ओणमची तारीख काढताना या चुका टाळा

मुंबई-पुण्यात मल्याळी शेजारी असले की आपल्याकडे एक समज पक्का बसतो, ओणम म्हणजे गणपतीच्या आसपासच. २०२२, २०२४, २०२५ तिन्ही वर्षी ओणम गणपतीतच आला ना, मग काय, लोक तेच धरून चालतात. पण २०२३ ला ओणम झाला २९ ऑगस्टला आणि गणपती बसले १९ सप्टेंबरला! कारण सोपंय, गणेश चतुर्थी तिथीवर आणि चांद्र महिन्यावर चालते, ओणमला तिथीशी घेणंदेणं नाही. सूर्य सिंह राशीत असतो तो मल्याळी महिना चिंगम, साधारण १७ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर, आणि त्यात चंद्र तिरुवोणम नक्षत्रात येतो तो दिवस ओणमचा. तिरुवोणम म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र (श्रावण महिना नव्हे, हा घोळ लई जण घालतात).

दुसरी चूक जरा हुशार लोकांची. ओणममागे बळी-वामनाची गोष्ट आहे म्हणजे वामन द्वादशी बघितली की झालं असं त्यांना वाटतं, आणि २०२४ ला ते जुळलंही, दोन्ही १५ सप्टेंबरला. पण २०२१ बघा. तेव्हा वामन जयंती १७ सप्टेंबरला होती, श्रवण नक्षत्रही त्याच दिवशी, सगळं जमून आलेलं, तरी ओणम आधीच २१ ऑगस्टला होऊन गेला होता, कारण १७ सप्टेंबरला चिंगम संपून कन्नी महिना लागला. एका दिवसाने हुकलं.

आता खरी गोची. चंद्राला सगळी नक्षत्रं फिरून यायला साधारण २७ दिवस लागतात आणि चिंगम ३१ दिवसांचा, मग एकाच महिन्यात तिरुवोणम दोनदा येऊ शकतं. २०२४ ला तसंच झालं, १८-१९ ऑगस्टला एकदा आणि १५ सप्टेंबरला परत. अशा वेळी सहसा दुसरं धरतात, त्यामुळे कॅलेंडरात चिंगममधलं पहिलं श्रवण दिसलं की लगेच सद्याचं, म्हणजे ओणमच्या जेवणाचं, बुकिंग करू नका, महिना शेवटपर्यंत बघा.

ॲपमध्ये नक्षत्र सुरू झाल्याची वेळ बघून दिवस ठरवणंही चुकतं. २०२४ चं तिरुवोणम १४ तारखेच्या रात्री लागलं आणि १५ च्या संध्याकाळी संपलं, म्हणजे सूर्योदयाला ते १५ लाच होतं, म्हणून सण १५ लाच.

आणि सण सुरू होतो त्या अत्तमपासून दहा तारखा मोजून तिरुवोणम काढू नका. अत्तम म्हणजे हस्त, तिथून नक्षत्रं दहाच, पण तारखा दहाच असतील असं नाही, एखादं नक्षत्र लांबलं की दोन सूर्योदयांना तेच असतं आणि एक दिवस वाढतो. २०२५ ला अत्तम २६ ऑगस्टला होतं, पूक्कळम म्हणजे फुलांची रांगोळी घालणाऱ्यांनी दहा मोजले असते तर ४ सप्टेंबर आला असता, ओणम होता ५ ला.

२०२६ ला ओणम २६ ऑगस्टला आहे, गणपती १४ सप्टेंबरला.