एकाच पत्त्याला अनेक मार्ग लागू पडतात तेव्हा राउटर कोणता निवडेल, हे कसे ओळखावे

बॅकअप लाइनसाठी स्टॅटिक रूट लिहायचा आणि त्याचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स २०० ठेवायचे, म्हणजे ओएसपीएफचा ११० चा मार्ग चालू असेपर्यंत तो वापरला जाणार नाही, अशी समजूत नेटवर्क सांभाळणाऱ्यांमध्ये सर्रास आढळते. काही वेळा ही समजूत खरी ठरते. काही वेळा मात्र मुख्य लाइन पूर्णपणे ठीक असताना शाखेकडे जाणारे सगळे ट्रॅफिक मंद बॅकअप लाइनवरून वाहू लागते. दोन्ही प्रसंगी राउटर तोच नियम पाळत असतो. फरक पडतो तो स्टॅटिक रूटमध्ये लिहिलेल्या मास्कमुळे. हे नीट समजून घेण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. त्यातील कमांड सिस्कोच्या आयओएस प्रणालीच्या आहेत.

मुख्य कार्यालयाच्या राउटरपासून शाखेकडे दोन लाइन जातात. मुख्य लीज्ड लाइनच्या पलीकडचा पत्ता `172.16.1.2` आहे आणि बॅकअप लाइनच्या पलीकडचा `172.16.2.2`. शाखेत `10.20.28.0` पासून `10.20.31.255` पर्यंतचे पत्ते वापरात आहेत. शाखेच्या बाजूचा राउटर ही चार उपनेटवर्क एकत्र करून ओएसपीएफमधून `10.20.28.0/22` असा एकच मार्ग पाठवतो. शाखेचा सर्व्हर `10.20.30.77` या पत्त्यावर आहे, म्हणून कोणीतरी बॅकअपसाठी पुढील ओळ लिहिली:

```
ip route 10.20.30.0 255.255.255.0 172.16.2.2 200
```

पहिली पायरी: टेबलात कोणाला जागा मिळते ते पाहा

राउटरचा निर्णय दोन वेगवेगळ्या वेळी होतो आणि सगळा गोंधळ या दोन वेळा एकत्र केल्यामुळे होतो. पहिला निर्णय पॅकेट येण्याच्या आधीच झालेला असतो. ओएसपीएफ, आरआयपी, बीजीपी किंवा हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट, असे प्रत्येक जण आपापला मार्ग राउटिंग टेबलात बसवू पाहतात. एकाच प्रिफिक्ससाठी, म्हणजे नेटवर्कचा पत्ता आणि मास्कची लांबी दोन्ही तंतोतंत सारखी असताना, दोन जण दावा करत असतील तरच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स पाहिले जाते आणि ज्याचा आकडा लहान तो टेबलात बसतो.

हा आकडा म्हणजे त्या स्रोतावर राउटरने किती विश्वास ठेवावा याचे माप आहे. सिस्कोच्या राउटरवर थेट जोडलेल्या नेटवर्कसाठी तो ०, स्टॅटिकसाठी १, बाहेरच्या बीजीपीसाठी २०, ओएसपीएफसाठी ११०, आरआयपीसाठी १२० आणि आतल्या बीजीपीसाठी २०० असतो, तर २५५ असलेला मार्ग टेबलात बसतच नाही. असे माप वेगळे ठेवावे लागते, कारण प्रोटोकॉलची मेट्रिक एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आरआयपी वाटेतले राउटर मोजते आणि ओएसपीएफ लाइनच्या वेगावरून खर्च काढते, त्यामुळे आरआयपीचे २ हे ओएसपीएफच्या २० पेक्षा चांगले की वाईट, या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. म्हणून आधी डिस्टन्सवरून स्रोत निवडला जातो. एकाच प्रोटोकॉलकडे त्याच प्रिफिक्सचे अनेक मार्ग असतील तर त्यांच्यात मेट्रिक पाहिले जाते, आणि तेही सारखे निघाले तर दोन्ही मार्ग टेबलात बसून ट्रॅफिक त्यांच्यात वाटले जाऊ शकते.

आता आपल्या उदाहरणाला हा नियम लावून पाहा. ओएसपीएफचा दावा `/22` साठी आहे आणि स्टॅटिकचा `/24` साठी. मास्क वेगळे असल्याने राउटरच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र नेटवर्क ठरतात, त्यांच्यात स्पर्धाच होत नाही आणि ११० व २०० हे आकडे एकमेकांसमोर येतच नाहीत. दोन्ही मार्ग टेबलात बसतात:

```
O IA  10.20.28.0/22 [110/20] via 172.16.1.2
S     10.20.30.0/24 [200/0] via 172.16.2.2
S*    0.0.0.0/0 [1/0] via 172.16.3.1
```

कंसातला पहिला आकडा डिस्टन्स आणि दुसरा मेट्रिक. तिसरी ओळ इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट रूट आहे. डिस्टन्स १ असल्यामुळे तो सर्वांत विश्वासार्ह दिसतो, तरी या तिघांत सर्वांत शेवटी वापरला जाणारा मार्ग तोच आहे, ही गोष्ट पुढच्या पायरीसाठी लक्षात ठेवावी.

दुसरी पायरी: पॅकेटचा पत्ता बिटांमध्ये ताडून पाहा

दुसरा निर्णय प्रत्येक पॅकेट पुढे पाठवताना होतो आणि त्यात डिस्टन्सचा कोठेही संबंध येत नाही. टेबलातले जे जे प्रिफिक्स पॅकेटच्या पत्त्याला लागू पडतात, त्यांतला सर्वांत जास्त बिट जुळणारा राउटर निवडतो. यालाच लाँगेस्ट प्रिफिक्स मॅच म्हणतात. `10.20.30.77` साठी पहिले दोन भाग उघडच जुळतात, म्हणून तिसरा भाग तेवढा बिटांमध्ये मांडावा:

```
28      00011100
30      00011110
/22     11111100
```

`/22` मध्ये तिसऱ्या भागाचे पहिले सहाच बिट पाहायचे असतात. ते दोन्ही ओळींत `000111` आहेत, म्हणून `/22` चा मार्ग लागू पडतो. `/24` मध्ये तिसरा भाग पूर्ण जुळावा लागतो आणि ३० ला ३० जुळतोच. डिफॉल्ट रूटमध्ये एकही बिट तपासायचा नसल्यामुळे तो कोणत्याही पत्त्याला लागू पडतो. म्हणजे २४, २२ आणि ० बिट जुळणारे तीन मार्ग समोर आहेत आणि २४ वाला, म्हणजेच बॅकअप लाइनचा मार्ग जिंकतो. शेजारच्या `10.20.29.5` ला मात्र `/24` लागू पडत नाही, म्हणून त्याचे पॅकेट मुख्य लाइनने जाते. शाखेतले काही संगणक वेगाने चालतात आणि सर्व्हर तेवढा रेंगाळतो, अशी तक्रार आली तर शंका प्रथम येथेच घ्यावी.

हा नियम मनासारखा बदलता येत नाही. आयपी राउटरकडून काय अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये तो नोंदलेला आहे. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स मात्र उत्पादकाने ठरवलेली सोय आहे. ज्युनिपरच्या राउटरवर त्याला प्रेफरन्स म्हणतात आणि तेथे स्टॅटिकचा आकडा ५ व ओएसपीएफच्या आतल्या मार्गांचा १० असतो. शिवाय हा आकडा त्या राउटरपुरताच असतो, तो शेजाऱ्याला पाठवला जात नाही. त्यामुळे शाखेच्या राउटरवरचा परतीचा मार्ग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

लांब प्रिफिक्सची ताकद किती असते हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगभर दिसले. यूट्यूब तेव्हा `208.65.152.0/22` हे प्रिफिक्स जाहीर करत होते. देशात यूट्यूब बंद करण्याच्या प्रयत्नात पाकिस्तान टेलिकॉमने `208.65.153.0/24` जाहीर केले आणि ते पुरवठादारामार्फत बाहेर पसरले. ज्या राउटरांपर्यंत ते पोहोचले, त्यांच्या टेबलात `/22` आणि `/24` दोन्ही होते, आणि आपल्या उदाहरणातल्यासारखेच त्यांनी `/24` निवडले. यूट्यूबने प्रत्युत्तरात आधी तेच `/24` जाहीर केले. पण त्यामुळे लांबी सारखी होऊन स्पर्धा बीजीपीच्या आतल्या निकषांवर गेली आणि यश अर्धवटच मिळाले. मग त्यांनी त्याचे दोन `/25` तुकडे जाहीर केले.

तिसरी पायरी: राउटरलाच विचारा

पूर्ण टेबल डोळ्यांनी चाळण्यापेक्षा त्या एका पत्त्याविषयी विचारावे:

```
show ip route 10.20.30.77
show ip cef 10.20.30.77
show ip route 10.20.28.0 255.255.252.0 longer-prefixes
```

पहिली कमांड जिंकलेला मार्ग दाखवते. तेथे `Routing entry for 10.20.30.0/24` आणि `Known via "static", distance 200` असे दिसले की निदान झाले. दुसरी कमांड पॅकेट प्रत्यक्षात कोणत्या इंटरफेसवरून बाहेर पडेल ते सांगते. तिसरी माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे, कारण `/22` च्या आत दडलेले सगळे लांब प्रिफिक्स ती एका ठिकाणी आणते आणि विसरलेली जुनी स्टॅटिक ओळ तिच्यात हमखास सापडते.

चौथी पायरी: बॅकअपचा मास्क दुरुस्त करा

```
no ip route 10.20.30.0 255.255.255.0 172.16.2.2 200
ip route 10.20.28.0 255.255.252.0 172.16.2.2 200
```

आता दोन्ही दावे `/22` साठीच आहेत, म्हणून ११० आणि २०० खऱ्या अर्थाने एकमेकांसमोर येतात, ओएसपीएफ टेबलात राहते आणि स्टॅटिक रूट बाहेर थांबतो. मुख्य लाइन तुटून ओएसपीएफचा मार्ग गेला की स्टॅटिकला जागा मिळते. इंटरफेस चालू राहून फक्त पलीकडचा राउटर गप्प झाला, तर ओएसपीएफला ते कळायला इथरनेटवरच्या मूळ सेटिंगनुसार ४० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो.

बॅकअपचे प्रिफिक्स मुख्य मार्गाइतकेच लांब किंवा त्याहून आखूड असावे, लांब कधीही नसावे, असा नियम पाळावा. उद्या शाखेच्या राउटरने एकत्रित `/22` पाठवणे बंद केले आणि चार वेगवेगळे `/24` येऊ लागले, तर स्टॅटिक `/22` टेबलात येऊन बसेल, पण लांब `/24` मार्गांमुळे ट्रॅफिक मुख्य लाइनवरच राहील आणि एखादे `/24` गेले तर तेवढ्याच उपनेटवर्कचे ट्रॅफिक बॅकअपवर जाईल.

मास्क बरोबर असूनही एक धोका उरतो. सर्वांत लांब जुळणारा मार्ग निवडल्यावर तो निकामी निघाला, तरी राउटर दुसऱ्या क्रमांकाच्या मार्गाकडे वळत नाही, पॅकेट वाया जाते. बॅकअप लाइन मधल्या स्विचमधून जात असेल तर पलीकडचे टोक मेलेले असतानाही आपला इंटरफेस चालूच दिसतो आणि स्टॅटिक रूट टेबलात बसायला मोकळा असतो. जुन्या चुकीच्या `/24` मध्ये हा धोका दुप्पट होता, कारण तेथे मुख्य लाइन ठणठणीत असतानाही केवळ बॅकअप लाइन बिघडल्यामुळे सर्व्हर तुटला असता. यावर उपाय म्हणजे पलीकडच्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करून त्या निकालाशी स्टॅटिक रूट बांधणे:

```
ip sla 1
 icmp-echo 172.16.2.2
 frequency 10
ip sla schedule 1 life forever start-time now
track 1 ip sla 1 reachability
no ip route 10.20.28.0 255.255.252.0 172.16.2.2 200
ip route 10.20.28.0 255.255.252.0 172.16.2.2 200 track 1
```

पिंगला उत्तर येणे थांबले की हा रूट दावेदारांतून बाहेर पडतो. रात्रीच्या वेळी मुख्य लाइनचा इंटरफेस मुद्दाम `shutdown` करावा, `show ip route 10.20.30.77` मध्ये `10.20.28.0/22` आणि `distance 200` दिसते का ते पाहावे, शाखेकडूनही तीच तपासणी करून घ्यावी आणि मग `no shutdown` देऊन `distance 110` परत आल्याची खात्री करावी.